बाईंनी पुसायला लावलेला बाण

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा असा फोन आला आणि मला गॅदरिंग नाही, सहल नाही, थेट आपल्या इतिहासाच्या बाई आठवल्या आणि त्यांचं ते एक पान. औद्योगिक क्रांतीचा धडा आठवतोय ना, अठरा पानांचा, नुसती नावं आणि सनावळ्या. बाई म्हणाल्या, हे सगळं फुलस्केपच्या एका बाजूवर बसवून आणा, आणि मी रात्रभर जागून बारीक अक्षरात सगळा धडाच उतरवून नेला. बाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, ही नोट्स नाही, ही नक्कल झाली.

मग मधल्या सुट्टीत मला शेजारी बसवून घेतलं. डावीकडे उभी रेघ मारायची, तिच्यावर साल, आणि दोन सालांच्या मध्ये एकच ओळ, 'काय कमी पडलं?' १७३३ ला जॉन केचा धावता धोटा आला, विणकर भराभर विणायला लागले, मग कमी काय पडलं? सूत. म्हणून सूत कातायची यंत्रं आली, १७६४ च्या सुमारास हारग्रीव्ह्जची जेनी, १७६९ ला आर्कराइटची वॉटर फ्रेम, १७७९ ला क्रॉम्प्टनचं म्यूल. आता सूत उदंड, विणणारे हात कमी, म्हणून १७८५ ला कार्टराइटचा यंत्रमाग. ज्या सालाला मागचं-पुढचं साल जोडता येत नाही ते पानावर ठेवायचं नाही, मग अठरा पानांतली सात-आठच सालं उरतात.

माझी खरी चूक पुढे होती. १७६९ ला जेम्स वॉटनेही वाफेच्या इंजिनातल्या सुधारणेचं पेटंट घेतलं, म्हणून मी तिथून थेट सूतगिरणीकडे बाण काढला, वाफ आली आणि गिरण्या सुरू झाल्या. बाईंनी विचारलं, मग आर्कराइटच्या यंत्राच्या नावात वॉटर का गं? मी गप्प. त्याची १७७१ ची क्रॉमफर्डची गिरणी पाण्याच्या चाकावर चालायची. वाफेचं इंजिन वॉटच्याही आधीचं, १७१२ चं न्यूकोमेनचं, खाणीतलं पाणी उपसायला, आणि वॉटने त्यात वाफ थंड करायचं भांडं वेगळं केलं म्हणून कोळसा वाचला, पण दांडा अजून वरखालीच हलायचा. बाईंनी हाताने पंप मारून दाखवला, मग हात गोल फिरवून म्हणाल्या, गिरणीला हे लागतं, आणि ते पेटंट १७८१ चं. तो बाण मला खोडरबरने पुसायला लावला.

आज मी स्वतः नववीला इतिहास शिकवते. मुलं रेडिमेड नोट्स आणतात, छान रंगीत असतात, त्यात सालं सगळी बरोबर आणि एकमेकांशी बोलतच नाहीत, फार वाईट वाटतं. मी प्रत्येकाला बाईंसारखंच विचारते, आणि दर वर्षी निम्म्या वर्गाच्या पानावर १७६९ वरून गिरणीकडे तोच बाण असतो. मग मी हात वरखाली हलवते, नंतर गोल फिरवते.