ताप नाही, दूध पूर्ण, तरी गाय पू टाकत होती

आमची तिसऱ्या वेताची एचएफ संकरित गाय व्यायली तेव्हा वार दीड दिवस पडली नाही. शेजाऱ्यांच्या सांगण्यावरून ती हातानं ओढून काढली. पुढचा सगळा त्रास इथूनच सुरू झाला असं मला वाटतं, कारण ओढताना आतला पडदा सोलवटतो आणि जंतूंना वाट मिळते.

पहिले दोन आठवडे तांबूस, पातळ स्राव गेला. त्याला वास नव्हता, गाय चारा खात होती, त्यामुळे मी निर्धास्त होतो. तिसावा दिवस उजाडला. सकाळी गाय उठली आणि ती बसली होती तिथं वाटीभर घट्ट, पांढरट-पिवळा पू पडलेला दिसला. शेपटीच्या मुळाशी वाळलेली खपली होती. आधीही शेपटी चिकट दिसली होती, पण माजाची बळस असेल म्हणून मी सोडून दिलं होतं. माजाची बळस काचेसारखी स्वच्छ असते, तिची तार निघते. व्यायल्यावर तीन आठवडे उलटले तरी पू येत असेल तर गर्भाशयाचा आतला पडदा सुजलेला समजायचा.

डॉक्टरांनी आधी ताप पाहिला, तो नव्हता. मग योनीचा बाहेरचा भाग धुऊन, हातमोजा घालून आतला स्राव बाहेर काढून दाखवला. निम्म्याहून जास्त पूच होता. गुदद्वारातून तपासल्यावर गर्भाशय जाड लागलं आणि उजव्या अंडाशयावर पीतपिंड, म्हणजे बीज सुटल्यावर तिथं तयार होणारी गाठ, सापडला.

"दादा, पीतपिंड आहे तर प्रोस्टाग्लँडिन देऊ," ते म्हणाले. या इंजेक्शननं पीतपिंड विरघळतो, गाय माजावर येते आणि माजात गर्भाशय स्वतःच घाण बाहेर टाकतं. पीतपिंड नसता तर गर्भाशयात प्रतिजैविक सोडावं लागलं असतं. मग त्या औषधावर लिहिलेले दिवस दूध डेअरीला घालता आलं नसतं. गाभण गायीला हे इंजेक्शन दिलं तर ती गाभडते. ते कातडीतूनही शिरतं, म्हणून आमच्या पोटुशी वहिनींना त्यांनी गोठ्याबाहेर थांबवलं.

क्लोप्रोस्टेनॉल ५०० मायक्रोग्रॅम दिलं. तिसऱ्या दिवशी गाय माजावर आली, भरपूर पू गेला. तो माज आम्ही भरवला नाही. चौदा दिवसांनी तपासलं तर बळस स्वच्छ होती, पण तीत पुवाचे बारीक कण तरंगत होते. माझा जीव खाली-वर झाला. डॉक्टरांनी तेच इंजेक्शन पुन्हा दिलं. तो माजही सोडला. रेतनाचे पैसे वाया घालवून गाय उलटवण्यापेक्षा तीन आठवडे थांबणं मला परवडलं.

अडुसष्टाव्या दिवशी माज आला. बळस अंड्याच्या पांढऱ्यासारखी, कणही नाही. तेव्हा भरवली. दोन महिन्यांनी डॉक्टरांनी हात घालून पाहिलं आणि मान डोलावली. गाभण होती.