राजीनाम्यातले कारणाचे वाक्य

औसा, 31 मे, रविवार

राजीनाम्याचा चौथा मसुदा आज दुपारी फाडला. उद्या सकाळी पत्र गेले तरच साठ दिवसांची नोटीस जुलैअखेर संपेल आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात हैदराबादला ग्राफिक्समधील संशोधन पदवीसाठी हजर होता येईल. त्यामुळे आता चालढकल करण्यास जागा उरलेली नाही. पद, रुजू झाल्याची तारीख, शेवटचा दिवस, आभार, हा सगळा मजकूर पहिल्याच मसुद्यात जमला होता. अडते ते कारणाच्या वाक्यापाशी. ‘उच्च शिक्षणासाठी’ एवढे दोन शब्द लिहिले की मनुष्यबळ विभागाचे काम भागते, परंतु माझे पत्र ज्या लीडसरांकडे आधी जाणार आहे, ते गेल्या वर्षी माझ्यासोबत बाभळीच्या झाडापाशी तीन आठवडे बसले होते. त्यांना हे दोन शब्द पोकळ वाटतील, आणि ते खरेच पोकळ आहेत.

आमचा स्टुडिओ तेव्हा जो मोबाइल खेळ बनवत होता, त्यात कोरडवाहू गावाचा एक देखावा होता. मी हौसेने आमच्याच बांधावरच्या बाभळीची छायाचित्रे पुण्याला नेली आणि त्यांवरून झाड तयार केले. जवळून ते इतके बरे दिसे की मीच खूश होते. मात्र खेळाडू मागे सरू लागला की झाड विरळ होत जाई आणि शेताच्या दुसऱ्या टोकावरून पाहिले तर नुसत्या फांद्यांचा सांगाडा उरे. चाचणी करणाऱ्या मुलाने नोंदीत लिहिले होते : ‘झाड लांबून वाळते.’ याहून नेमके वर्णन नंतर आम्हा कोणालाही करता आले नाही.

खेळातले पान म्हणजे सपाट चौकोनावर चिकटवलेले चित्र असते. चित्राच्या प्रत्येक ठिपक्याला अल्फा नावाची एक किंमत असते, पान असेल तिथे 1 आणि मोकळी जागा असेल तिथे 0. खरी पारदर्शकता दाखवायची तर पानांचे सगळे थर मागून पुढे लावत रंगवावे लागतात आणि ते मोबाइलला झेपत नाही. म्हणून शेडर, म्हणजे प्रत्येक ठिपक्याचा रंग ठरवणारा छोटा प्रोग्राम, एक उंबरठा ठेवतो, 0.5 च्या खालचा ठिपका सरळ टाकून देतो. इथपर्यंत ठीक आहे. पण दूरच्या वस्तूसाठी मूळ चित्र वापरत नाहीत, त्याच्या निम्म्या-निम्म्या आकाराच्या प्रती वापरतात. लान्स विल्यम्स यांनी 1983 मध्ये मांडलेले हे मिपमॅपिंग आज जवळपास प्रत्येक त्रिमितीय खेळात आहे. लहान प्रत करताना चार ठिपक्यांची सरासरी काढून एक ठिपका बनतो. बाभळीची पर्णिका एवढी बारीक की चारांपैकी एखादाच ठिपका पानाचा निघतो. सरासरी येते 0.25, ती उंबरठ्याच्या खाली, म्हणून चारही ठिपक्यांचे पान गेले. वडाच्या पानाचे याच्या उलट होते : चारांपैकी तीन ठिपके पानाचे, सरासरी 0.75, म्हणून मोकळा ठिपकाही भरून निघतो आणि झाड लांबून थोडे जाड दिसते. आमची आधीची सगळी झाडे रुंद पानांची होती आणि जाड झालेल्या झाडाची तक्रार कोणी करीत नाही, म्हणून ही चूक इतकी वर्षे आमच्या घरात नांदत होती.

पहिला आठवडा आम्ही झाड दूर गेले की त्याच्या जागी येणाऱ्या साध्या मॉडेलला दोष देण्यात घालवला. शेवटी मी मिपमॅप बंद करून पाहिले, तेव्हा लांबची बाभूळ पुन्हा हिरवी झाली, फक्त कॅमेरा हलला की चमचम करू लागली. दोष मॉडेलचा असता तर पाने परत आली नसती.

इलाज ठाऊक असलेला होता. इग्नासिओ कास्तान्यो यांनी 2010 मध्ये तो लिहून ठेवला आहे. मूळ चित्रातले किती ठिपके उंबरठा ओलांडतात ते मोजायचे, आणि प्रत्येक लहान प्रतीत तेवढाच हिस्सा ओलांडेल अशा पटीने तिचा अल्फा वाढवायचा. ही पट शोधणारी स्क्रिप्ट मी दोन दिवसांत लिहिली आणि मधल्या अंतरावरचे झाड सुधारले. फार लहान प्रतींत मात्र प्रत्येक ठिपका 0.25 च्या आसपास येऊन बसतो. कितीही पटीने वाढवा, ते सगळे एकदम उंबरठा ओलांडतात किंवा एकदम खाली राहतात. मग 2017 मधली वायमन आणि मॅग्वायर यांची पद्धत लावली. तीत उंबरठा एकच न ठेवता तो झाडावरील जागेनुसार यादृच्छिक बदलतो, त्यामुळे 0.25 च्या शंभर ठिपक्यांपैकी साधारण पंचवीस टिकतात. हिशेब बरोबर आला, पण झाडावर वाळू उधळल्यासारखे दिसू लागले. ही वाळू अनेक फ्रेमची सरासरी काढून निवळते, आणि आमच्या मोबाइल आवृत्तीत ती सोय नव्हती. अखेर मुदत आली. लांबच्या झाडाच्या जागी मी हाताने जाड केलेले एक चित्र उभे केले आणि ‘चालून जाईल’ असे ठरले. ते चाललेही. याबद्दल माझा स्टुडिओवर राग नाही, खेळ वेळेवर जाणे हे त्यांचे काम आहे.

माझे मात्र तिथेच अडकले. एका थराने 25 टक्के प्रकाश अडवला आणि त्यामागे तसाच दुसरा थर असला, तर दोघे मिळून किती अडवतील? भोके नेमकी एकामागे एक आली तर 25 टक्के, एकाचे पान दुसऱ्याच्या भोकावर आले तर 50, आणि काहीच संबंध नसेल तर 1 − 0.75 × 0.75, म्हणजे सुमारे 44. सरासरी काढताना थरांचा हा आपसातला संबंधच पुसला जातो. तो किती थोड्या आकड्यांत जपून ठेवता येईल, हे मला शोधायचे आहे. ते तीन आठवड्यांचे काम नव्हे, आणि कोणत्याही खेळाच्या वेळापत्रकात त्याला रकाना नसतो.

संध्याकाळी अण्णांना हे सगळे सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, “म्हंजे झाड लांबून दिसंना म्हणून नोकरी सोडायलीस का?” मी होय म्हटले. “मग तसंच लिही की.” पगार बंद होऊन शिष्यवृत्तीवर राहावे लागेल, हे त्यांनी गेल्याच महिन्यात मान्य केले आहे, त्यावर आज कोणी बोलले नाही.

जेवणानंतर पाचवा मसुदा लिहिला. कारणाचे वाक्य असे झाले : ‘दूरच्या झाडांच्या प्रश्नाचे आपण जे उत्तर वापरले, त्यापलीकडचे उत्तर शोधण्यासाठी मी पूर्णवेळ संशोधन करू इच्छिते.’ मनुष्यबळ विभागासाठी त्यापुढे ‘उच्च शिक्षण’ हे शब्दही ठेवले. खाली हस्तांतराचा एक परिच्छेद जोडला, कारण ती स्क्रिप्ट केवळ मलाच माहीत आहे : पानांचे चित्र तिच्यावाचून पुन्हा आयात झाले तर कोणतीही त्रुटी दाखवली जाणार नाही, फक्त लांबची झाडे विरळ होतील, तसेच कोणी उंबरठा 0.5 वरून बदलला, तर सर्व प्रती नव्याने काढाव्या लागतील. हा परिच्छेद मूळ पत्राहून मोठा झाला आहे. आता इंग्रजीत उतरवून सकाळी नऊला पाठवायचे आहे.