दोन्ही गालांवरची खळी

साताऱ्याच्या एका कुटुंबाने आजोबांच्या सहस्रचंद्रदर्शनासाठी सोळा पानांचे एक चित्रपुस्तक माझ्याकडून करून घेतले. त्यात आजोबांच्या लहानपणीच्या गोष्टी होत्या आणि प्रत्येक गोष्ट ऐकायला त्यांच्या दोन जुळ्या नाती हजर होत्या. मुली आठ वर्षांच्या. घरात थोरलीला थोरली आणि चार मिनिटांनी जन्मलेल्या धाकटीला धाकटीच म्हणत असत, म्हणून मीही येथे तेच शब्द वापरतो. चित्रे मी माझ्याच संगणकावर स्टेबल डिफ्यूजन एक्सएल या, लिहिलेल्या वर्णनावरून चित्र काढणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रारूपाने तयार करतो. व्यक्ती ओळखू येण्यासाठी तिच्या फोटोंवर एक छोटे जोडप्रारूप प्रशिक्षित करावे लागते, त्याला आम्ही लोरा म्हणतो. मुलींच्या वडिलांनी थोरलीचे चौतीस आणि धाकटीचे एकतीस फोटो दोन वेगळ्या फोल्डरांत दिले होते आणि काम संपल्यावर ते पुसून टाकायचे असे आमचे ठरले होते.

दोघींचे दोन लोरा झाले आणि पहिल्या चाचणीत मी खूश झालो. थोरलीचे चित्र मागितले की तांबड्या रिबिनीची मुलगी येई, धाकटीचे मागितले की हिरव्या रिबिनीची. आई दोघींना रोज याच रंगांच्या रिबिनी बांधत असे आणि जवळजवळ प्रत्येक फोटोत त्या होत्या. प्रशिक्षणाच्या वेळी प्रत्येक फोटोला एक वर्णन जोडावे लागते. त्या वर्णनात मी रिबिनीचा उल्लेखच केला नव्हता. जे वर्णनात नसते आणि प्रत्येक फोटोत दिसते, ते प्रारूप त्या व्यक्तीचाच भाग समजून शिकते. म्हणजे माझ्या प्रारूपाने दोन चेहरे शिकण्याऐवजी एक चेहरा आणि दोन रिबिनी शिकल्या होत्या. हे मला त्या दिवशी कळले नव्हते. पुस्तकातल्या एका प्रसंगात मुली नुकत्या न्हाऊन केस मोकळे सोडून बसलेल्या होत्या. ते पान तयार झाले तेव्हा दोघींत काही फरक राहिला नाही असे मला वाटले, पण जुळ्याच त्या, असे म्हणून मी स्वतःची समजूत घातली.

शिवाय माझ्याकडे आकड्यांचा आधार होता. चेहऱ्याची आकड्यांत नोंद करणारे आर्कफेस प्रारूप दोन चेहऱ्यांतील साम्य मोजून देते आणि माझी चित्रे त्या मोजणीत चांगली उतरत होती. मात्र थोरलीच्या चित्राची तुलना चुकून धाकटीच्या फोटोंशी केली, तेव्हाही जवळजवळ तोच आकडा आला. मग खऱ्या फोटोंवरच मोजून पाहिले. एकाच मुलीच्या दोन फोटोंतील साम्य आणि दोन बहिणींच्या फोटोंतील साम्य हे दोन्ही इतके एकमेकांत मिसळलेले होते, की त्यांच्यामध्ये रेघ ओढायला जागाच नव्हती. अनोळखी माणसांना वेगळे काढणारी मोजपट्टी जुळ्यांच्या बाबतीत निरुपयोगी आहे हे उघड झाले आणि मी छापील नमुने घेऊन साताऱ्याला गेलो.

आजींनी न्हाऊन बसलेल्या मुलींचे पान हातात घेतले, चष्मा पुसला आणि बराच वेळ पाहत राहिल्या. मग त्या म्हणाल्या, "अहो, ह्या दोघीही नव्हेत. ह्यांच्या मधली कुणीतरी तिसरी पोर तुम्ही दोनदा काढलीत."

कशावरून, असे मी विचारले. त्यांनी चित्रातल्या एका गालावर बोट ठेवले, मग दुसऱ्या. "थोरलीला खळी पडते ती डाव्या गालाला. धाकटीला उजव्या. तुम्ही दोघींच्याही दोन्ही गालांना पाडलीत. आणि थोरलीचा भोवरा असा फिरतो," त्यांनी हवेत घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने बोट फिरवले, "धाकटीचा उलटा. म्हणून तर एकीची बट ह्या बाजूला येते आणि दुसरीची त्या बाजूला. न्हाऊ घातलं की हातालाच कळतं."

एकाच फलित बीजापासून झालेल्या जुळ्यांपैकी काही जोड्या अशा असतात, की एकीचे डावे ते दुसरीचे उजवे. खळी, भोवरा, कधी हाताची सवय अशा बारीक गोष्टी आरशातल्यासारख्या उलट पडतात. या दोघी तशाच होत्या आणि धाकटी डावखुरीही होती. माझ्या मनात एक शंका आली. मी लॅपटॉपवर थोरलीचा एक खरा, हसरा फोटो उघडला, तो आडवा उलटा केला आणि कपड्यांवरून काही कळू नये म्हणून फक्त चेहऱ्याचा भाग आजींपुढे धरला. क्षणाचाही विलंब न लावता त्या म्हणाल्या, "ही धाकटी." मुलींच्या आईला स्वयंपाकघरातून बोलावून तोच फोटो दाखवला. तिनेही धाकटीचेच नाव घेतले.

पुण्याला परतताना मला माझी चूक लख्ख दिसत होती. फोटो थोडे असले की प्रशिक्षणात प्रत्येक फोटो कधी सुलटा तर कधी उलटा दाखवण्याची एक सोय असते. त्यामुळे तेवढ्याच फोटोंतून दुप्पट सामग्री मिळाल्यासारखे होते. एकट्या माणसाचा चेहरा दोन्ही बाजूंना साधारण सारखाच असल्याने त्यात फारसे बिघडत नाही, आणि मी मागच्या एका कामाची फाइल तशीच उचलल्यामुळे ती सोय येथेही चालूच राहिली होती. थोरलीची उलटी प्रतिमा म्हणजे धाकटी, आणि धाकटीची उलटी प्रतिमा म्हणजे थोरली. दोन्ही लोरांना मी दोघी मुली निम्म्यानिम्म्या दाखवल्या होत्या, आणि दोन्ही गालांवरची खळी ही त्याचीच बेरीज होती. आर्कफेसला हे कळले नाही यातही नवल नव्हते, कारण तशी प्रारूपेही चेहरे उलटसुलट दाखवूनच शिकवलेली असतात. डावे-उजवे यांकडे दुर्लक्ष करणे हा त्यांच्या शिक्षणाचाच भाग असतो.

दुरुस्ती एका ओळीची होती, निदान मला तसे वाटले. flip_aug ही फोटो उलटे दाखवण्याची सोय बंद करायची.

```toml
[[datasets.subsets]]
image_dir = "thorli"
flip_aug = false
```

पण तेवढ्याने भागले नाही, कारण काही फोटो माझ्याकडे यायच्या आधीच उलटे झालेले होते. काही फोन पुढच्या कॅमेऱ्याने काढलेला फोटो पडद्यावर दिसतो तसाच, म्हणजे आरशासारखा उलटा जतन करतात. आईने मुलींसोबत काढलेले बरेच फोटो असे होते. मी पासष्टच्या पासष्ट फोटो एकेक करून तपासले. कोठे पाठीमागच्या पाटीवरची अक्षरे उलटी होती, कोठे गणवेशावरचा शाळेचा बिल्ला डावीकडचा उजवीकडे गेला होता, कोठे भिंतीवरचे घड्याळ उलटे फिरत होते. थोरलीचे नऊ आणि धाकटीचे सहा फोटो उलटे निघाले. ते मी सुलटे केले. ज्या चार फोटोंत दिशेची कोणतीच खूण नव्हती, ते काढून टाकले. उलटा फोटो सुलटा म्हणून शिकवण्यापेक्षा फोटो कमी असणे बरे. थोरलीच्या फोल्डरात दोन फोटो चक्क धाकटीचे होते, ते आजींनी फोनवर पाहून सांगितले. मग प्रत्येक वर्णनात रिबिनीचा रंग आणि कपडे लिहिले, म्हणजे रिबीन ही चेहऱ्यापासून सुटी गोष्ट आहे हे प्रारूपाला कळेल. वर्णनात डावा गाल आणि उजवा गाल असे लिहिण्याचा मोह मात्र टाळला. डावे म्हणजे मुलीचे की पाहणाऱ्याचे हे या प्रारूपांना भरवशाने कळत नाही. दिशा फोटोंतूनच शिकवावी लागते.

नव्या लोरांनी प्रत्येकीचे एकेकटे चेहरे काढले, तेव्हा खळी जागेवर आली. दोघी एकाच चित्रात आल्या की पुन्हा गडबड झाली. याचे कारण वेगळे होते. लोरा मूळ प्रारूपाच्या आकड्यांतच भर घालतो. दोन लोरा एकदम लावले की दोन्ही भरी एकत्र होतात आणि त्यांचा परिणाम सबंध चित्रावर होतो. डावीकडची मुलगी एका लोराने आणि उजवीकडची दुसऱ्याने काढावी, अशी वाटणी आपोआप होत नाही. दोन अगदी भिन्न चेहऱ्यांतही सरमिसळ होते, आणि येथे तर चेहऱ्यांत फरकच जेमतेम होता.

म्हणून मी क्रम बदलला. आधी कोणताही लोरा न लावता प्रसंग काढायचा, म्हणजे झोपाळ्यावर आजोबा आणि दोन्ही बाजूंना कोणत्याही दोन मुली. मग एका मुलीचा फक्त चेहरा आणि केस झाकणारा मुखवटा करायचा, तेवढा भाग कापून 1024 ठिपके रुंद चौकटीपर्यंत मोठा करायचा, एकटा थोरलीचा लोरा लावून तो भाग पुन्हा काढायचा आणि मूळ जागी बसवायचा. नंतर तो लोरा पूर्ण काढून दुसरीसाठी तेच करायचे. मोठे करणे ही येथे चैन नाही. हे प्रारूप चित्र आठपट लहान करून त्यावर काम करते. सबंध पानात चेहरा 160 ठिपके रुंद असेल तर प्रारूपाच्या हाती त्याच्या रुंदीची वीसच घरे येतात, आणि वीस घरांत खळी कोणत्या गालाला आहे हे टिकत नाही. पुन्हा काढण्याचा जोर, म्हणजे आधीचा भाग किती बदलू द्यायचा याचे शून्य ते एक असे माप, साधारण 0.5 ठेवावा लागला. 0.35 च्या खाली आधीचाच अनोळखी चेहरा थोडा बदलून उरे, आणि 0.6 च्या वर मान वेगळ्या दिशेला वळून गळ्यापाशी सांधा दिसे.

या वेळी मी आकड्यांवर विसंबलो नाही. रिबिनी आणि कपडे वगळून वीस चेहरे छापले, त्यांच्या मागे पेन्सिलीने खूण केली, पत्ते पिसावेत तसे पिसले आणि आजींना व आईला वेगवेगळे बसवून ओळखायला सांगितले. आजींनी अठरा बरोबर सांगितले, आईने सतरा. आजींचे चुकलेले दोन्ही चेहरे एका बाजूने दिसणारे होते, आणि त्यांत खळीचा गाल पलीकडे गेलेला होता. तेथे चेहऱ्यात ओळखीची खूणच नव्हती, मग ती मी कोठून आणणार. त्या दोन पानांत मी मुलींच्या माना थोड्या पुढे वळवल्या.

एक पान मात्र तसे करता येण्याजोगे नव्हते. पंगतीच्या चित्रात दोघी ताटावर वाकून जेवत होत्या आणि त्यांचे चेहरे जेमतेम दिसत होते. आजींना ते दाखवले तेव्हा त्यांनी चेहऱ्यांकडे पाहिलेच नाही. "धाकटी डाव्या टोकाला बसवा," त्या म्हणाल्या. "डावखुरी आहे ना, नाहीतर जेवताना दोघींची कोपरं एकमेकींना लागतात. आमच्याकडे ती कायम डाव्या टोकालाच बसते." मी दोन्ही मुखवटे अदलाबदल करून पुन्हा चालवले, धाकटीचा घास डाव्या हातात दिला, आणि ते पान तसेच छापखान्यात गेले.