पंचकल्याणी घोडी आणि उन्हाने लाल झालेली आयाळ

सोलापूर, ऑगस्टचा दुसरा आठवडा

मे महिन्यातल्या तेवीस क्रमांकाच्या फोटोची नोंद मी आज बदलली. तिथे "सुरंग" लिहिलं होतं, आता "कुमैत" लिहिलं आहे. हा एक शब्द बदलायला तीन महिने लागले. घोड्यांच्या रंगाच्या नोंदी ठेवणाऱ्या बाकीच्यांनाही उन्हाळ्यातल्या फोटोंत हाच अडथळा येत असणार, म्हणून कसं कसं होत गेलं ते सविस्तर लिहितो.

फोटो नान्नजच्या माळावरचा आहे. धनगरांचा मेंढ्यांचा वाडा पुढे चालला होता आणि मागे सामान लादलेली एक घोडी होती. दुपारचा एक वाजलेला, ऊन डोक्यावर. घोडीचं अंग लाल-तांबूस, चारही पाय गुडघ्याखाली पांढरे, कपाळापासून नाकापर्यंत पांढरा पट्टा. म्हणजे पंचकल्याणी. आयाळ मात्र अंगापेक्षाही फिकी होती, वाळलेल्या कडब्याच्या रंगाकडे झुकणारी. मी आयाळ बघितली आणि सुरंग लिहून टाकलं.

चूक तिथेच झाली. कुमैत आणि सुरंग, म्हणजे इंग्रजी वंशावळींतले बे आणि चेस्टनट, यांतला फरक अंगाच्या लालीवर ठरत नाही. दोघांचं अंग सारखंच लाल असू शकतं. फरक आहे काळ्या केसाचा. कुमैताची आयाळ, शेपूट, पायांचा खालचा भाग आणि कानांच्या कडा काळ्या असतात. सुरंगाच्या केसात काळा रंग तयारच होत नाही. त्याची आयाळ अंगाच्या रंगाची असते, कधी त्याहून फिकी, कधी थोडी गडद, पण गडद झाली तरी ती तपकिरीच राहते. याला कारणीभूत असलेला एमसी१आर या जनुकातला बदल 1996 साली सापडला. घोड्याकडे या जनुकाच्या दोन्ही प्रती बदललेल्या असतील तर तो सुरंग. त्यामुळे सुरंग आई आणि सुरंग बाप यांच्या पोटी कुमैत शिंगरू येत नाही. आईबापांचे रंग खात्रीने माहीत असतील तर फोटो उघडण्याआधी तेच तपासावेत.

आता उन्हाचं. काळ्या केसातलं रंगद्रव्य उन्हाने आणि घामाने हळूहळू विटतं आणि केस आधी तांबूस, मग पिवळट दिसायला लागतो. अंगावरची लव घोडा वर्षातून दोनदा टाकतो, त्यामुळे ती फार जुनी कधीच होत नाही. आयाळीचा लांब केस मात्र वर्षानुवर्षं तोच असतो. खाली लोंबणारं टोक सगळ्यात जुनं, म्हणजे त्याने सगळ्यात जास्त उन्हाळे पाहिलेले. आपल्याकडच्या मेमध्ये पारा चाळीसच्या वर जातो आणि वाड्याबरोबर फिरणाऱ्या घोड्याला दिवसभर सावली नसते. अशा कुमैताची आयाळ वरवर पाहता अगदी सुरंगासारखी दिसू शकते.

हे समजल्यावर आयाळीच्या टोकाकडे बघणं मी सोडलं. रंग बघायचा तो मुळाशी, कारण तिथला केस नवा असतो. विटलेल्या कुमैताच्या आयाळीत मुळाकडून टोकाकडे जाताना काळा, मग गडद तपकिरी, मग लाल असा उतार दिसतो. सुरंगाच्या आयाळीतही टोक फिकं होतंच, पण मूळ लालच राहतं. फोटोत मूळ दिसायच्या जागा दोन. आयाळ मानेच्या एका बाजूला पडलेली असते, तर दुसऱ्या बाजूने काढलेल्या फोटोत मानेच्या कण्यावर मुळांची एक रेघ दिसते. आणि वाऱ्याने आयाळ उचलली गेली असेल तर मानेला चिकटून राहणारा आतला थर उघडा पडतो. त्या थराला ऊन कमी लागतं, म्हणून तो कमी विटतो.

तेवीस क्रमांकात आयाळ कॅमेऱ्याच्याच बाजूला पडलेली होती. मुळांची रेघ दिसेना. बटांमध्ये दोन फटी होत्या, त्यांतून आतला थर दिसत होता, पण सावलीत आणि नुसता गडद.

इथे घाई करू नये. सावलीत सगळंच गडद दिसतं. ती सावली उजळल्यावर रंग कुठे जातो ते बघायचं. मी `Snapseed` वापरतो. आधी `White Balance` मधल्या ड्रॉपरने घोडीच्या पांढऱ्या पायाचा उन्हातला, धूळ नसलेला भाग टिपला. दुपारी तापलेल्या मातीवरून परतणारा प्रकाश पिवळसर असतो, त्याने सगळा फोटो लालीकडे सरकतो, आणि पांढरा पाय हा अंगावरच असलेला पांढऱ्याचा नमुना आहे. मग `Tune Image` मध्ये `Shadows` +60 पर्यंत नेलं. `Saturation` ला हात लावला नाही, कारण ते वाढवलं की काळ्यातूनही खोटी लाली निघते.

फटीतला भाग उजळून राखाडी झाला, लाल झाला नाही. लॅपटॉपवर रंगाचे आकडे वाचले तर तिथे साधारण `R 41 G 36 B 35` आले. पडताळणीसाठी नक्की सुरंग असलेल्या एका घोड्याचा फोटो घेतला, त्याच्या आयाळीचा सावलीतला भाग तसाच उजळून वाचला, तर `R 66 G 41 B 29`. काळ्या केसात तिन्ही आकडे जवळजवळ राहतात, सुरंगाच्या केसात लाल आकडा निळ्याच्या दुपटीवर जातो. हे आकडे माझ्या फोनचे आणि माझ्या फोटोंचे आहेत. दुसऱ्याने ते जसेच्या तसे मापाला घेऊ नयेत, आपल्याकडच्या नक्की माहीत असलेल्या घोड्यावर आधी बघावं. फोटो फार दाबून पाठवलेला असेल तर सावलीतल्या आकड्यांना काही अर्थ राहत नाही.

एका फटीवर निकाल द्यायला मन धजेना. एरवी मी पाय बघितले असते. पायांची लव दरवर्षी बदलते, त्यामुळे विटलेल्या आयाळीपेक्षा पाय जास्त खरं बोलतात. पण पंचकल्याणीत तोच पुरावा पांढऱ्याखाली झाकला जातो. तरी पांढरं जिथे संपतं तिथे बघावं. पांढरा भाग गुडघ्याच्या खाली थांबला असेल तर कुमैताच्या गुडघ्यावर काळ्याचा उरलेला पट्टा सापडू शकतो. या घोडीच्या उजव्या पुढच्या पायाला पांढऱ्याच्या वर बोटभर गडद पट्टा होता, आणि त्याच्या वर अंगाची लाली सुरू होत होती. डाव्या पायाचा गुडघा गवतात.

पट्टा गडद होता म्हणून तो काळा केसच, असंही मानलं नाही. आपल्या भागातल्या काळ्या मातीने मला आधी फसवलं आहे. अकलूजच्या घोडेबाजारात काढलेल्या माझ्या एका फोटोत सुरंग घोडा गुडघ्यापर्यंत चिखलात बुडून आलेला आहे आणि अगदी कुमैत दिसतो. चिखलाची वरची कड तुटक असते, त्यावर चमक नसते आणि चारही पायांवर ती साधारण एका उंचीवर थांबते. कुमैताचा काळा केस गुडघ्याशी एकदम संपत नाही, लाल केसांत मिसळत मिसळत विरतो, आणि उन्हात त्यावर निळसर-पांढरी झळक येते. तेवीसमधला पट्टा विरत गेलेला होता आणि मे महिन्यात त्या माळावर चिखल नव्हताच.

मग कान. फोटो पूर्ण आकारात उघडून उजेडातल्या कानाची बाहेरची कड बघितली. कडेला पेन्सिलीने ओढल्यासारखी काळी रेघ होती, टोकाशी जाड. सुरंगाच्या कानाची कड अंगाच्याच रंगाची असते. कानाच्या आतला अंधार मात्र मोजू नये, तो दोन्ही रंगांत दिसतो. नाकपुडी आणि डोळ्याभोवतीचा काळेपणाही मी सोडून देतो. तिथे लव विरळ असते आणि कातडी दोघांचीही काळीच असते. पूर्वी मी याच काळ्या नाकावरून तीन सुरंगांना कुमैत ठरवलं होतं. त्या नोंदी दुरुस्त केल्या आहेत.

अंगावर, विशेषतः मागच्या बाजूला, इकडेतिकडे पडलेले गडद ठिपके हाही काळ्या केसाचा पुरावा धरू नये. 1880 ची इंग्लंडमधली डर्बी जिंकलेला बेंड ऑर हा घोडा चेस्टनट होता आणि तसल्या ठिपक्यांना त्याचंच नाव पडलं. काळं शोधायचं ते आयाळ, शेपूट, पाय आणि कान एवढ्याच ठिकाणी.

तर आयाळीची फट, गुडघ्याचा पट्टा आणि कानाची कड, तिन्ही कुमैताकडे. तरी नोंद बदलली नव्हती. वाडा पावसाळ्यात परत फिरेल असं कळलं होतं, म्हणून थांबलो.

मागच्या रविवारी तो मार्डीच्या रस्त्याला भेटला. घोडी तीच, कपाळावरच्या पट्ट्याला डाव्या डोळ्याकडे वळलेलं टोक आहे, त्यावरून ओळखली. वाड्याबरोबरच्या आबांना मी विचारलं, "आबा, घोडी सुरंग का कुमैत?"

"कुमैत की. तिची आई पण कुमैत."

"पण आयाळ तर लाल दिसती."

"वरून लाल. केस उचलून बघा की."

त्यांनीच आयाळ मूठभर उचलून धरली. आतला थर काळाभोर, मुळाशी तर तव्यासारखा. वरच्या थरातही मुळाजवळची दोन-तीन बोटं काळी होती आणि तिथून पुढे लाली चढत गेली होती. शेपटीचंही तसंच: शेंडा पिंगट, वरच्या बाजूने केस बाजूला केले की खाली काळे. मी चार फोटो काढले: उचललेली आयाळ, मुळांची रेघ, दोन्ही कान, उजवा गुडघा. ते आता तेवीसच्या नोंदीला जोडले आहेत, म्हणजे मेचा फोटो आणि खरा केस शेजारी शेजारी बघता येतील.

आबा जाता जाता एक म्हणाले ते लिहून ठेवतो. घोडा विकत घेताना ते आयाळ बघतच नाहीत, शेपटीचं बूड उचलून खालचा केस बघतात. तिथे ऊन पोचत नाही. फोटोत ही जागा दिसायला घोड्याने शेपूट उडवलेली असावी लागते, आणि माशांच्या दिवसांत ती सारखी उडतच असते. पुढच्या वेळी एकेक फोटो न काढता सलग दहा-बारा काढून बघणार आहे.

एकतीस क्रमांक अजून अडलेला आहे. तोही पंचकल्याणी, पांढरं गुडघ्याच्या वर गेलेलं, आयाळ कातरलेली, कानांवर गोंड्यांचा साज. शेपूट शेंड्यापर्यंत पिंगट. काळं सापडलं नाही म्हणून सुरंग असं लिहिता येत नाही, कारण काळं जिथे असायला हवं ते झाकलेलं किंवा कापलेलं आहे, आणि शेपूट वरून विटलेली असू शकते. तिथे "अनिर्णित" लिहिलं आहे. तो घोडा लग्नाच्या वरातीचा आहे आणि बाळे भागात बांधलेला असतो. वराती थांबल्या आहेत तोवर साज उतरवलेला असताना जाऊन कानाचा फोटो घ्यायचा आहे.