तोंडी बेरीज, तिसरा आठवडा: जास्तीचे परत करताना

रोज वीस बेरजा, तीन अंकी, कागद न घेता. पहिल्या आठवड्यात वीसला साडेतीन मिनिटं लागत होती, आता सव्वादोन. चुका मात्र तेवढ्याच, रोज दोन-तीन. म्हणून या वेळी घड्याळ बाजूला ठेवलं आणि चुकलेल्या बेरजाच वहीत लिहून काढल्या.

बहुतेक एकाच जातीच्या निघाल्या. उदाहरणार्थ ४६७ + १९८. १९८ चे २०० केले, ६६७ आले, आणि जास्तीचे दोन वजा करायचे ते मिळवून बसलो: ६६९. खरं उत्तर ६६५. चूक चारची, म्हणजे जास्तीच्या दोनची दुप्पट. अशी दुपटीची चूक दिसली की हिशेब बरोबर, फक्त परतफेड उलट्या दिशेनं झाली असं समजायचं. उत्तर माहीत नसताना एकक बघावा: सात आणि आठ पंधरा, तेव्हा शेवटी ५ च हवा.

असं का होतं? ‘१९८ ला दोन हवेत’ असं मनात म्हणतो आणि तेच ‘अधिक दोन’ जिभेवर राहतं. आता क्रम फिरवलाय. आधी ४६७ मधून दोन काढून घ्यायचे, ४६५, मग २०० टाकायचे. लक्षात ठेवायला काही उरतच नाही. गुरुवारपासून ही चूक एकदाच झाली, तीही चहा ओतताना.

एकोण-वाल्या संख्यांना मात्र मेहनतच नाही. एकोणसत्तर म्हटलं की सत्तर आणि एक कमी, दोन्ही शब्दातच आलं. (माझी इंग्रजी माध्यमातली भाची ‘सत्तर’ ऐकून ७९ लिहिते, तो भाग वेगळा.) ही सोय एकोणनव्वदपर्यंतच. नव्याण्णवला शंभर स्वतःच आठवावे लागतात.

किराण्याच्या यादीवर पद्धत जास्त खुलते. १९९, ३४९, ५९८, ८९: मी २००, ३५०, ६००, ९० असं मोठ्यानं मोजत गेलो आणि जास्तीचे बोटांवर धरले, एक, एक, दोन, एक. १२४० मधून पाच गेले, १२३५. दर वेळी परतफेड करत बसलो असतो तर तीन ठिकाणी अडखळलो असतो.

जिथे जमत नाही तेही लिहितो. ४६७ + १७३ मध्ये १७३ चे २०० करायला सत्तावीस लागतात, आणि ते परत करताना हातच्यापेक्षा जास्त त्रास. तिथे सरळ डावीकडून: ५६७, ६३७, ६४०. माझी मर्यादा सध्या चार. जास्तीचे पाच किंवा अधिक होत असतील तर मी पद्धत सोडतो.

पुढच्या आठवड्यात बायको संख्या वाचून दाखवणार आहे, मी डोळे मिटून. ‘अठ्ठ्याण्णव’ ऐकून दोन कमी हे किती पटकन सुचतं ते बघायचंय.