आमची वाटचाल : ‘भाव काय?’ला फोन उत्तर देतो, ‘पार्सल गळलंय’ला माणूस

आमचा धंदा कोल्हापुरी कांदा-लसूण चटणीचा. मिरची निवडायची, वाळवायची, डंकावर कुटून घ्यायची, पाकिटं भरायची आणि पुण्या-मुंबईकडं कुरिअरनं रवाना करायची. पूर्वी ऑर्डर फोनवर यायच्या, आता बहुतेक व्हॉट्सॲप आणि इन्स्टाग्रामच्या मेसेजवर येतात. मार्च ते मे, म्हणजे वर्षभराची चटणी भरून ठेवायच्या दिवसांत सगळ्यांचे हात मिरचीत असतात आणि तेव्हाच मेसेजचा पाऊस पडतो. म्हणून आपोआप जाणारी उत्तरं बसवली. ती बसवताना काय कुठं अडतं आणि कुठल्या मेसेजला माणूसच लागतो, ते इथं लिहितो आहोत. असा घरगुती मालाचा धंदा करणाऱ्या कुणालाही ते जसंच्या तसं वापरता येईल.

सुरुवात व्हॉट्सॲपच्या बिझनेस ॲपपासून करावी, ते फुकट आहे. त्यातल्या Business tools मध्ये तीन गोष्टी मिळतात. Greeting message म्हणजे स्वागताचा मेसेज, Away message म्हणजे आपण नसताना जाणारा मेसेज, आणि Quick replies म्हणजे लिहून ठेवलेली उत्तरं. तिसरी गोष्ट खरं तर आपोआप जातच नाही. चॅटमध्ये `/` टाईप करून उत्तर निवडायचं, हवं तर त्यात दोन शब्द बदलायचे आणि मग पाठवायचं. आमच्या मते छोट्या धंद्याला सगळ्यात जास्त उपयोग हिचाच होतो, कारण पाठवायच्या आधी माणसाची नजर त्यावरून फिरते. `/भाव`, `/कुरिअर`, `/टिकते` अशी पाच-सहा उत्तरं तयार असली की निम्मं टायपिंग वाचतं.

स्वागताच्या मेसेजचा एक नियम फार जणांच्या लक्षात येत नाही. तो नव्या ग्राहकाला जातो, आणि जुन्या ग्राहकाशी 14 दिवस काही बोलणं झालं नसेल तर त्यालाही पुन्हा जातो. आता चटणीचं पाकीट ग्राहक कधी फोडणार? आधीची बरणी संपल्यावर. म्हणजे तक्रार यायची ती बऱ्याचदा पंधरवडा उलटून गेल्यावरच येते. ग्राहकानं लिहिलेलं असतं, ‘चटणीला वास येतोय’, आणि वरून आपला मेसेज जातो, ‘स्वागत! आमची खमंग चटणी आजच मागवा!’ म्हणून स्वागताचा मेसेज साधा ठेवावा. उद्गारचिन्ह नको, ऑफर नको, ‘आजच मागवा’ तर नकोच. तक्रारीखाली वाचला तरी तो टोचता कामा नये. आणखी एक बारीक गोष्ट म्हणजे आपोआप जाणाऱ्या मेसेजला समोर दादा आहेत की ताई, हे कळत नाही. तिथं नुसतं ‘नमस्कार’ चालतं. ‘कळवतो’ की ‘कळवते’ या घोळातही पडायचं नाही, ‘कळवू’ म्हणून मोकळं व्हायचं.

Away message दुकानाच्या वेळेबाहेर जाईल असा लावता येतो. पण फोनला इंटरनेट असेल तरच तो जातो. रात्री डेटा बंद करून फोन चार्जिंगला लावायची सवय असेल, तर नेमक्या रात्रीच्या मेसेजला उत्तर जाणार नाही.

इन्स्टाग्रामवर व्यावसायिक खातं असेल तर चॅट उघडताना दिसणारे चार प्रश्न उत्तरांसकट लावून ठेवता येतात. जागा चारच, त्यामुळं निवड विचारपूर्वक करावी. आमचे तीन प्रश्न माहितीचे आहेत: भाव, कुरिअरला लागणारे दिवस, आणि चटणी किती टिकते. चौथा आहे, ‘माझ्या ऑर्डरबद्दल बोलायचं आहे’. त्याच्या उत्तरात काहीही विकायला जायचं नाही, फक्त फोन नंबर आणि आमची माणसं कोणत्या वेळेत असतात ते सांगायचं. पण हे प्रश्न नवं चॅट सुरू करतानाच समोर येतात. जुन्या ग्राहकाला ते दिसतीलच असं नाही.

भावाचं उत्तर लिहिताना मोठा धोका शिळ्या आकड्याचा असतो. मिरचीचा दर हलला की चटणीचा भाव हलतो. तो आकडा स्वागताच्या मेसेजमध्ये, तयार उत्तरात, इन्स्टाग्रामच्या प्रश्नात आणि कॅटलॉगमध्ये अशा चार ठिकाणी लिहिलेला असेल, तर एक जागा बदलायची राहतेच. मग ग्राहक जुन्या भावाचा मेसेज पुढं करतो, आणि तो चुकीचं काही करत नसतो. यावर उपाय म्हणजे आकडा फक्त व्हॉट्सॲपच्या कॅटलॉगमध्ये ठेवायचा आणि बाकी सगळीकडं त्याची लिंक द्यायची. लिंक `wa.me/c/91` आणि त्यापुढं आपला दहा आकडी नंबर, अशी असते. आमचं उत्तर असं आहे:

> नमस्कार. चटणीचे आजचे भाव या लिंकवर आहेत. कुरिअरचा खर्च वेगळा, तो वजन आणि गावानुसार ठरतो. हिशोब करून देण्यासाठी एवढं कळवा: किती किलो, पिनकोड, आणि तिखट हवी की मध्यम. हा मेसेज आपोआप आलेला आहे. माणसाशी बोलायचं असेल तर ‘4’ लिहा.

यातलं शेवटचं वाक्य काढू नये. मेसेज यंत्रानं पाठवलाय हे माहीत असलं की लोक अर्धवट उत्तरावर चिडत नाहीत, आणि ‘4’ची वाट पहिल्याच मेसेजपासून उघडी राहते. व्हॉट्सॲपच्या बिझनेस प्लॅटफॉर्मवर, म्हणजे एखाद्या सेवा देणाऱ्या कंपनीमार्फत आपोआप उत्तरं देणारा बॉट लावला, तर माणसापर्यंत पोचायची अशी स्पष्ट सोय ठेवणं हा नियमच आहे.

बॉट लावला की शब्द ओळखून उत्तर द्यायची सोय येते, आणि इथंच मराठीची खरी परीक्षा असते. बरेच ग्राहक मराठी इंग्रजी अक्षरांत लिहितात. एकट्या भावासाठी `bhav`, `bhaav`, `rate`, `kimat`, `kimmat`, `price` आणि देवनागरीतले भाव, दर, किंमत असे सगळे शब्द भरावे लागतात. मोह होतो तो `kiti` टाकायचा. टाकू नये. ‘किती रुपये’, ‘किती दिवसांत येईल’, ‘किती दिवस टिकेल’ आणि ‘किती तिखट आहे’ या चारही प्रश्नांत ‘किती’ आहे. नुसतं ‘किती’ सापडलं तर भाव न सांगता वरच्याच चार प्रश्नांची 1 ते 4 अशी यादी दाखवायची.

‘पार्सल’ हा शब्द तर त्याहून घातक. ‘पार्सल कधी पाठवाल’ यासाठी म्हणून तो शब्द कुरिअरच्या उत्तराला जोडला, की ‘parcel madhun tel galtay’ लिहिणाऱ्यालाही उत्तर जातं, ‘पार्सल दोन ते चार दिवसांत पोचेल’. बॉट शब्द पाहतो, रोख पाहत नाही. म्हणून नियमांचा क्रम महत्त्वाचा. आधी तक्रारीचे शब्द तपासायचे: गळलं, फुटलं, वास, बुरशी, परत, चुकीचं, मिळालं नाही, आणि त्यांची इंग्रजी अक्षरांतली रूपं. यातला एक जरी सापडला तरी बाकीचे नियम थांबवून चॅट थेट माणसाकडं. ‘वास छान आहे’ असं लिहिणाराही त्यात सापडेल. सापडू दे, कौतुकाला माणसानं उत्तर दिल्यानं काही बिघडत नाही. फोटो, व्हिडिओ आणि आवाजी मेसेजही सरळ माणसाकडंच. आपल्याकडं लोक टाईप करण्यापेक्षा बोलून पाठवतात, आणि शब्द जुळवणाऱ्या साध्या बॉटला त्यातलं काही कळत नाही. एक मर्यादाही घालून ठेवावी: एकच आपोआप उत्तर एका चॅटमध्ये लागोपाठ दोनदा गेलं नाही पाहिजे. दुसऱ्यांदा तीच वेळ आली, तर ग्राहकाला हवं ते मिळालेलं नाही असं धरून चॅट माणसाकडं द्यायचं.

दोन विषय तर बॉटच्या हाती कधीच देऊ नयेत. एक, पैसे. ‘पैसे पाठवलेत’ म्हणून स्क्रीनशॉट आला की ‘मिळाले, धन्यवाद’ असं आपोआप जाता कामा नये. स्क्रीनशॉट बनावट असू शकतो. माणसानं बँकेच्या खात्यात रक्कम बघायची आणि मगच लिहायचं. दुसरा विषय ॲलर्जीचा. ‘शेंगदाणा आहे का?’ या प्रश्नाला यादी पाहून ‘नाही’ म्हणणं सोपं आहे. पण ज्या डंकावर आपली चटणी कुटली, त्यावर आदल्या फेरीला दुसऱ्या कुणाची शेंगदाण्याची चटणी निघालेली असू शकते. ते विचारून, बघून सांगणारा माणूसच हवा. आणि खात्री नसेल तर ‘घेऊ नका’ म्हणायची मुभाही त्याला हवी.

आता एक चॅट शेवटपर्यंत बघू. रविवारी रात्री साडेनऊला ठाण्याहून मेसेज येतो, ‘2 kg chatni, ek pakit futlay, kapde kharab zale’. ‘futlay’ सापडतं, म्हणून भाव-कुरिअरचं काही जात नाही. जातं ते एवढंच: ‘तुमची तक्रार आमच्या माणसाकडं दिली आहे. उद्या सकाळी 10 ते 12 मध्ये आम्ही इथंच उत्तर देऊ. पाकिटाचा आणि खोक्यावरच्या पत्त्याच्या चिठ्ठीचा फोटो पाठवून ठेवा.’ ‘लवकरच संपर्क करू’ असं लिहिलं तर ग्राहक पंधरा मिनिटांनी पुन्हा विचारतो, वेळ सांगितली तर थांबतो. मात्र सांगितलेली वेळ पाळता येईल अशीच असावी. आमच्यासारखी सोमवारी सुट्टी असेल, तर रविवार रात्रीच्या मेसेजसाठी कुणाकडं फोन राहणार हे आधी ठरवावं लागतं. चॅटला ‘माणूस हवा’ असं लेबल लागतं आणि सकाळी तीच यादी पहिली उघडायची.

सकाळी उत्तर देणाऱ्यानं वरपासून सगळं वाचायचं आणि पहिल्याच ओळीत ते वाचल्याचं दिसू द्यायचं: ‘नमस्कार, मी अमुक बोलतेय. दोन किलोतलं एक पाकीट फुटलं आणि कपडे खराब झाले, बरोबर ना?’ ऑर्डर नंबर, गाव, काय झालं, हे पुन्हा विचारलं की रात्रीचा राग दुप्पट होऊन येतो. नवं पाकीट पाठवायचं की पैसे परत, हे तिथल्या तिथं ठरवायचा अधिकार उत्तर देणाऱ्याकडं असावा. नाहीतर ‘विचारून सांगते’ म्हणत चॅट आणखी एक दिवस लोंबकळतं.

हे सगळं वेळेत करायला आणखी एक कारण आहे. कंपनीमार्फतच्या बॉट-नंबरवर ग्राहकाच्या शेवटच्या मेसेजपासून 24 तासच आपल्याला मोकळं लिहिता येतं. त्यानंतर फक्त आधी मंजूर करून घेतलेला साचेबंद मेसेज पाठवता येतो. रविवारी साडेनऊच्या तक्रारीला मंगळवारी सकाळी उत्तर द्यायला बसलात, तर ती खिडकी बंद झालेली असते. साध्या बिझनेस ॲपवर ही अडचण नाही, आणि म्हणूनच मेसेज हाताला आवरत असतील तोवर बॉटकडं वळू नये असं आमचं मत आहे.

माणूस चॅटमध्ये शिरला की त्या चॅटपुरता बॉट बंद झाला पाहिजे. काही ठिकाणी तो आपोआप थांबतो, काही ठिकाणी बटण दाबावं लागतं. आपल्याकडं काय होतं ते घरच्याच दुसऱ्या नंबरवरून तपासावं. ‘पार्सल फुटलंय’ लिहावं, माणसानं उत्तर द्यावं, मग ‘दुसरं पार्सल कधी येईल’ लिहून बघावं. मध्येच कुरिअरचं तयार उत्तर टपकलं, तर बॉट अजून चालूच आहे. काम संपल्यावर लेबल काढून तो पुन्हा सुरू करायचा, नाहीतर त्याच ग्राहकानं पुढच्या मोसमात भाव विचारला की कुणीच उत्तर देत नाही.