मेणाच्या दोन प्रिझममधली फट : माझा अनुभव

काचेतून हवेकडे जाताना क्रांतिक कोनाच्या पलीकडे गेलं की प्रकाश पूर्णपणे परत फिरतो, हे आपण शाळेत शिकतो. पण त्या पृष्ठभागाजवळ, काहीशे नॅनोमीटरच्या अंतरात, दुसरी काच आणून ठेवली तर प्रकाश मधली हवा ओलांडून पलीकडे जातो. एम.एस्सी.च्या प्रोजेक्टसाठी मला हेच मोजायचं होतं : फट वाढवत नेली तर पलीकडे जाणारा प्रकाश नेमका कसा कमी होतो.

काचेच्या दोन प्रिझमनी सुरुवात करून पाहिली. लाल लेसरची तरंगलांबी 633 नॅनोमीटर, त्यामुळे फट दोन-तीनशे नॅनोमीटरच्या आसपास हवी. धुळीचा एक कण त्याच्या दसपट जाडीचा असतो. कितीही पुसलं, दाबलं, तरी फट किती आहे हे सांगता येईना. सर म्हणाले, "तरंगलांबीच मोठी घे की. फट आपोआप मोठी होईल. जगदीशचंद्र बोसांनी तेच केलं होतं." खरंच, 1897 मध्ये बोसांनी कोलकात्यातल्या आपल्या प्रयोगांवरून, विद्युत लहरींच्या पूर्ण परावर्तनावर मधल्या हवेच्या जाडीचा काय परिणाम होतो यावर निबंध लिहिला होता. आमच्या प्रयोगशाळेत 10 गिगाहर्ट्झचा मायक्रोवेव्ह बेंच होताच. म्हणजे तरंगलांबी 3 सेंटीमीटर, आणि फट साध्या पट्टीने मोजता येईल अशी.

या लहरींसाठी पॅराफिन मेण छान पारदर्शक असतं आणि त्याचा अपवर्तनांक काचेच्या जवळपास, 1.5, येतो. पत्र्याच्या साच्यात मी काटकोन त्रिकोणी प्रिझम ओतले. लहान बाजू आणि उंची 15 सेंटीमीटर, प्रत्येकी दीड किलोच्या आसपास मेण. मेण थंड होताना आकसतं आणि मधोमध पोकळी धरतं. म्हणून एकदम न ओतता थर थर घालावे लागतात, आणि खालचा थर पुरता गार व्हायच्या आत वरचा ओतावा लागतो. आत पोकळी राहिली की अपवर्तनांक जागोजागी बदलतो आणि आकडे कशाशीच जुळत नाहीत.

1.5 अपवर्तनांकाला क्रांतिक कोन 41.8 अंश येतो. लहर कर्णाच्या पृष्ठभागावर 45 अंशांनी पडते, म्हणजे आपण जेमतेम तीन अंश पलीकडे असतो. आता इथे काय घडतं, ते आकड्यांतच बघू. मेणात तरंगलांबी 2 सेंटीमीटर होते. 45 अंशांच्या तिरकेपणामुळे पृष्ठभागावर दोन लागोपाठच्या शिखरांमधलं अंतर 2.83 सेंटीमीटर पडतं. हवेत मात्र तरंगलांबी 3 सेंटीमीटर आहे. हवेतली लहर कितीही तिरकी केली तरी पृष्ठभागावरचं तिचं शिखर-अंतर 3 सेंटीमीटरच्या खाली जात नाही. त्यामुळे हवेत पुढे निघून जाईल अशी कोणतीही लहर या अंतराशी जुळू शकत नाही. पण पृष्ठभागापाशी क्षेत्र एकदम शून्यही होत नाही. ते पृष्ठभागाला समांतर सरकत राहतं आणि हवेत शिरताना घातांकी वेगाने विरत जातं. हाच इव्हॅनेसंट तरंग. तो एकटा असताना ऊर्जा पलीकडे नेत नाही. सरासरीने सगळी ऊर्जा परत फिरते. दुसरा मेणाचा प्रिझम जवळ आला की त्याच्यात 2.83 सेंटीमीटरचं अंतर पुन्हा चालतं, आणि विरण्याआधी जेवढं क्षेत्र तिथवर पोचलेलं असेल, तेवढ्यातून खरी लहर पुढे निघते. मला वाटतं, "गळती" हा शब्द इथे कळतो तो या जुळणीमुळेच.

दोन्ही प्रिझम कर्णाला कर्ण लावून ठेवले आणि मागचा एका सरकत्या पाटावर बसवला. विद्युत क्षेत्र उभं होतं. टेकलेल्या स्थितीतलं वाचन पूर्ण धरलं, तर हिशेबाने 1 सेंटीमीटर फटीला 35 टक्के, 2 सेंटीमीटरला साडेसात आणि 3 सेंटीमीटरला दोनहून थोडं कमी यायला हवं होतं. पहिले दोन आकडे जवळपास आले. पुढे मात्र मीटरचा काटा उतरायचा थांबला, आणि फट वाढवली की वरखाली डुलू लागला.

सरांनी सांगितलं, "मधे पत्रा घालून बघ." फटीत अॅल्युमिनियमचा पत्रा उभा केला. आता फटीतून काहीच जायला नको, तरी वाचन पूर्ण शून्यावर गेलं नाही. म्हणजे प्रिझमच्या कडेवरून वळसा घालून काही लहरी थेट डिटेक्टरमध्ये पोचत होत्या. डुलणं हे त्या लहरींचं फटीतून आलेल्या लहरींशी होणारं व्यतिकरण होतं. प्रिझमभोवती खिडकी कापलेला मोठा पत्रा लावल्यावर हा भाग मिटला.

तरीही मोठ्या फटींना उरणारं वाचनाचं शेपूट पूर्ण गेलं नाही. याचं कारण वेगळं होतं, आणि या प्रयोगात सगळ्यात जपायची गोष्ट तीच आहे. मायक्रोवेव्ह सोडणाऱ्या हॉर्नमधून निघणारी लहर पसरत जाते. मध्यरेषेपासून पाचेक अंश एका बाजूला ढळलेला किरण मेणात शिरल्यावर 41.8 अंशांच्या आत येतो, आणि मग तो फट विरल्याशिवाय सरळ पार करतो. त्याला अंतराशी काही देणंघेणं नसतं. म्हणून हॉर्न प्रिझमपासून मीटरभर मागे नेला. तेवढ्यावरून 15 सेंटीमीटरची बाजू मध्यरेषेच्या दोन्हीकडे चार-साडेचार अंशांतच बसते. सिग्नल बराच क्षीण झाला, पण शेपूट खाली आलं. मोठ्या फटींना दर सेंटीमीटरला तीव्रता आधीच्या 23 टक्क्यांवर यायला हवी. माझी त्याहून थोडी जास्त राहिली. क्रांतिक कोनाच्या अगदी जवळचे किरण हळू विरतात, त्यांचा तो वाटा होता.

फट लहान असताना मात्र आलेख घातांकी नसतोच. पाव सेंटीमीटरला अजून 91 टक्के पार होतं. कारण दुसऱ्या पृष्ठभागावरूनही विरणारं क्षेत्र मागे येतं आणि दोघांची बेरीज धरावी लागते. नुसता घातांकी नियम शून्यापासून लावला तर आकडे चुकतात. तो मोठ्या फटींनाच खरा. दुसरा डिटेक्टर परावर्तित बाजूला ठेवल्यावर हिशेब पुरा झाला. पलीकडचं वाचन जितकं वाढे, तितकं इकडचं घटे.

शेवटी तोच आलेख मी प्रकाशात पाहिला. इथे फट सरकवायची गरज नव्हती. प्रिझमच्या कर्णावर 50 सेंटीमीटर वक्रता-त्रिज्येचं सपाट-बहिर्वक्र भिंग, फुगीर बाजू खाली करून, अलगद टेकवलं. स्पर्शबिंदूपासून बाहेर फट त्रिज्येच्या वर्गाने वाढत जाते. 3 सेंटीमीटर लहरीची 1 सेंटीमीटर फट म्हणजे लाल प्रकाशासाठी 211 नॅनोमीटर, आणि ती स्पर्शबिंदूपासून सुमारे 0.46 मिलिमीटरवर येते. परावर्तित प्रकाशात स्पर्शबिंदूभोवती एक काळा ठिपका दिसतो, स्पर्शाच्या जागेहून बराच मोठा. ध्रुवक फिरवून विद्युत क्षेत्र आपतन प्रतलात आणलं की तो आणखी रुंद होतो. त्याच 211 नॅनोमीटर फटीला आता 35 ऐवजी 58 टक्के प्रकाश पार होतो.